विरळ मॅट्रिक्सची साठवण

विरळ मॅट्रिक्स म्हणजे जिच्यातील बहुतांश घटक शून्य असतात अशी मॅट्रिक्स (आव्यूह). संगणकाच्या मेमरीत अशी मॅट्रिक्स पूर्ण द्विमितीय ॲरेच्या रूपात ठेवल्यास जवळजवळ सर्व जागा शून्ये साठवण्यातच खर्च होते. त्यामुळे केवळ शून्येतर घटक आणि त्यांची स्थाने साठवण्याच्या पद्धती वापरल्या जातात. त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित पद्धती दोन आहेत. त्रिक पद्धतीत प्रत्येक शून्येतर घटकासाठी ओळ क्रमांक, स्तंभ क्रमांक आणि मूल्य अशी तीन मूल्ये ठेवली जातात. संकुचित ओळ पद्धतीत घटक ओळींच्या क्रमाने मांडून ओळ क्रमांकाची पुनरावृत्ती टाळली जाते. किती जागा वाचते हे मॅट्रिक्सच्या आकारमानापेक्षा शून्येतर घटकांच्या संख्येवर अवलंबून असते. काही परिस्थितींत बचत न होता उलट अधिक जागा लागते.

या लेखात मॅट्रिक्सच्या ओळींची संख्या m, स्तंभांची संख्या n आणि शून्येतर घटकांची संख्या t या अक्षरांनी दर्शवली आहे. ओळी व स्तंभ यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. वेगळा उल्लेख नसेल तेथे मूल्य ८ बाइटांचे आणि क्रमांक ४ बाइटांचा धरला आहे.

## पूर्ण ॲरेतील साठवण

द्विमितीय ॲरेत प्रत्येक घटकाची जागा ठरलेली असते. सी भाषेप्रमाणे ओळींच्या क्रमाने साठवण केल्यास i या ओळीतील j या स्तंभाचा घटक ॲरेच्या आरंभापासून `i*n + j` इतक्या स्थानांनंतर सापडतो. स्थानावरूनच घटक ओळखता येत असल्यामुळे ओळ किंवा स्तंभ क्रमांक वेगळा साठवावा लागत नाही आणि कोणताही घटक एका पायरीत मिळतो. मात्र घटक शून्य असो वा नसो, त्याची जागा राखून ठेवावीच लागते. त्यामुळे एकूण `8mn` बाइट लागतात.

ही सोय सोडून दिल्यावरच बचत शक्य होते. शून्ये वगळली की उरलेल्या घटकांची स्थाने आपोआप कळेनाशी होतात आणि ती लिहून ठेवावी लागतात. विरळ साठवणीच्या सर्व पद्धती म्हणजे ही स्थाने कमीत कमी जागेत कशी नोंदवावीत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

## त्रिक पद्धत

उदाहरणासाठी ५ ओळी आणि ६ स्तंभांची पुढील मॅट्रिक्स घेऊ. तिच्यात ३० पैकी ७ घटक शून्येतर आहेत आणि क्रमांक १ ची ओळ पूर्णपणे रिकामी आहे.

```
0 0 7 0 0 4
0 0 0 0 0 0
3 0 0 0 0 0
0 5 0 8 0 2
0 0 0 0 9 0
```

त्रिक पद्धतीत हीच मॅट्रिक्स पुढीलप्रमाणे लिहिली जाते.

| ओळ | स्तंभ | मूल्य |
|---|---|---|
| ० | २ | ७ |
| ० | ५ | ४ |
| २ | ० | ३ |
| ३ | १ | ५ |
| ३ | ३ | ८ |
| ३ | ५ | २ |
| ४ | ४ | ९ |

प्रत्येक त्रिकाला ४ + ४ + ८ = १६ बाइट लागतात. म्हणून एकूण जागा `16t` इतकी होते. येथे ती ११२ बाइट असून पूर्ण ॲरेला २४० बाइट लागले असते. मॅट्रिक्सचे आकारमान त्रिकांवरून निश्चित करता येत नाही, कारण शेवटची ओळ किंवा शेवटचा स्तंभ रिकामा असू शकतो. म्हणून m आणि n या संख्या वेगळ्या जपाव्या लागतात.

पाठ्यपुस्तकांत याच पद्धतीचे किंचित निराळे रूप आढळते. त्यात m, n आणि t या तीन संख्या सारणीच्या पहिल्या ओळीत लिहिल्या जातात आणि सर्व नोंदी सारख्याच आकाराच्या पूर्णांकांत ठेवल्या जातात. अशा मांडणीला `3(t+1)` पूर्णांकांची जागा लागते. वरील उदाहरणात ही संख्या २४ येते व ३० पेक्षा ६ नोंदी वाचतात. त्याच मॅट्रिक्समध्ये ९ शून्येतर घटक असते, तर दोन्ही बाजू ३० झाल्या असत्या आणि काहीच बचत झाली नसती.

त्रिकांचा क्रम कोणताही असला तरी अर्थ बदलत नाही. त्यामुळे नवीन घटक यादीच्या शेवटी जोडणे सोपे असते आणि मॅट्रिक्स तयार होत असताना हीच पद्धत सोयीची ठरते. याची दुसरी बाजू अशी की ठरावीक घटक शोधण्यासाठी क्रम न लावलेली संपूर्ण यादी चाळावी लागते.

## संकुचित ओळ पद्धत

वरील सारणीत ओळींचा स्तंभ पाहिल्यास ०, ०, २, ३, ३, ३, ४ अशी पुनरावृत्ती दिसते. त्रिके ओळींच्या क्रमाने लावलेली असतील, तर प्रत्येक घटकापुढे ओळ क्रमांक लिहिण्याची गरज उरत नाही. प्रत्येक ओळ यादीत कोठे सुरू होते एवढे लिहिले तरी पुरते. संकुचित ओळ पद्धतीत म्हणून तीन ॲरे असतात. पहिल्यात मूल्ये, दुसऱ्यात त्यांचे स्तंभ क्रमांक आणि तिसऱ्यात ओळींची आरंभस्थाने असतात.

```
a = 7 4 3 5 8 2 9
c = 2 5 0 1 3 5 4
p = 0 2 2 3 6 7
```

i या ओळीचे घटक `p[i]` या स्थानापासून `p[i+1]` च्या अलीकडच्या स्थानापर्यंत असतात. क्रमांक ३ च्या ओळीसाठी `p[3]` = ३ व `p[4]` = ६ आहे. म्हणून ३, ४ आणि ५ या स्थानांवरील ५, ८ आणि २ हे तिचे घटक होत व त्यांचे स्तंभ अनुक्रमे १, ३ आणि ५ आहेत. क्रमांक १ ची ओळ रिकामी आहे. तिचे आरंभस्थान आणि पुढील ओळीचे आरंभस्थान दोन्ही २ असल्यामुळे ही गोष्ट कोणत्याही वेगळ्या खुणेविना व्यक्त होते.

`p` या ॲरेत ओळींच्या संख्येपेक्षा एक नोंद अधिक असते. ही शेवटची नोंद नेहमी t इतकी असते आणि तिच्यामुळे शेवटच्या ओळीसाठी वेगळा नियम करावा लागत नाही. एकूण जागा `12t + 4(m+1)` बाइट होते. उदाहरणातील मॅट्रिक्सला ८४ + २४ = १०८ बाइट लागतात, म्हणजे त्रिक पद्धतीपेक्षा केवळ ४ बाइट वाचतात. लहान मॅट्रिक्सवरून या पद्धतीचा लाभ लक्षात येत नाही तो यामुळेच.

मॅट्रिक्सला सदिशाने गुणणे ही विरळ मॅट्रिक्सवर वारंवार होणारी क्रिया आहे. या मांडणीत ती पुढीलप्रमाणे होते.

```c
for (i = 0; i < m; i++) {
    s = 0;
    for (k = p[i]; k < p[i+1]; k++)
        s += a[k] * x[c[k]];
    y[i] = s;
}
```

या क्रियेत एकूण t गुणाकार होतात. शून्यांशी होणारे गुणाकार मुळातच टळतात, म्हणून जागेबरोबर वेळेचीही बचत होते. `a` आणि `c` हे ॲरे आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाचले जातात. `x` मधील वाचन मात्र स्तंभ क्रमांकांनुसार इकडेतिकडे होते आणि त्यामुळे प्रोसेसरला मेमरीची वाट पाहत थांबावे लागते.

ओळींऐवजी स्तंभांची आरंभस्थाने साठवली, तर तिला संकुचित स्तंभ पद्धत म्हणतात. एखाद्या मॅट्रिक्सची संकुचित ओळ मांडणी हीच तिच्या परिवर्त मॅट्रिक्सची संकुचित स्तंभ मांडणी असते. तिन्ही ॲरे तेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो.

## बचतीचा हिशोब

### मोठ्या मॅट्रिक्सचे उदाहरण

एका चौरस धातूच्या पत्र्याच्या कडांचे तापमान माहीत असून आतील स्थिर तापमान काढायचे आहे असे समजा. त्यासाठी पत्र्याच्या आतील भागावर १,००० × १,००० बिंदूंची जाळी कल्पिली जाते. प्रत्येक बिंदूचे तापमान हे त्याच्या चार शेजाऱ्यांच्या तापमानांची सरासरी असते, या नियमावरून प्रत्येक बिंदूसाठी एक समीकरण मिळते. बिंदू १० लाख असल्यामुळे समीकरणांची मॅट्रिक्स १० लाख ओळी आणि १० लाख स्तंभांची होते. परंतु प्रत्येक समीकरणात तो बिंदू आणि त्याचे शेजारी एवढेच येतात. म्हणून एका ओळीत जास्तीत जास्त ५ घटक शून्येतर असतात.

जाळीच्या चारही कडांलगतच्या प्रत्येक बिंदूला त्या बाजूचा शेजारी जाळीत मिळत नाही. प्रत्येक कडेमागे १,००० याप्रमाणे ४,००० घटक कमी होतात. त्यामुळे शून्येतर घटकांची संख्या ५०,००,००० − ४,००० = ४९,९६,००० येते. दर दहा लाख घटकांमागे सुमारे ५ घटकच शून्येतर आहेत.

| पद्धत | हिशोब | लागणारे बाइट |
|---|---|---|
| पूर्ण ॲरे | `8 × 10^12` | सुमारे ८ टेराबाइट |
| त्रिक | `16 × 4996000` | ७,९९,३६,००० |
| संकुचित ओळ | `12 × 4996000 + 4 × 1000001` | ६,३९,५२,००४ |

पूर्ण ॲरे सामान्य संगणकाच्या मेमरीत मावूच शकत नाही, तर विरळ मांडणीला ६४ ते ८० मेगाबाइट पुरतात. त्रिक पद्धतीने जागा सुमारे एक लाख पटींनी आणि संकुचित ओळ पद्धतीने सुमारे सव्वा लाख पटींनी कमी होते. पहिली मोठी बचत शून्ये वगळल्याने झालेली आहे. ओळ क्रमांक काढून टाकल्याने त्यात आणखी सुमारे २० टक्क्यांची भर पडते.

### बचत कोठे संपते

त्रिक पद्धतीत `16t < 8mn` असेल तरच बचत होते. म्हणजे निम्म्याहून कमी घटक शून्येतर असावे लागतात. संकुचित ओळ पद्धतीत, स्तंभ पुरेसे असल्यास, ही मर्यादा साधारण दोन तृतीयांश येते. मूल्ये ४ बाइटांची असतील, तर क्रमांकांचा भार तुलनेने वाढतो आणि या मर्यादा अनुक्रमे एक तृतीयांश व सुमारे निम्मा अशा खाली येतात. म्हणून किती शून्ये असल्यास मॅट्रिक्सला विरळ म्हणावे याची एकच सर्वमान्य टक्केवारी नाही. व्यवहारात या मर्यादेच्या जवळ असलेल्या मॅट्रिक्ससाठी पूर्ण ॲरेच पसंत केला जातो, कारण थोड्या जागेच्या बचतीसाठी थेट घटक मिळण्याची सोय गमवावी लागते.

दोन विरळ पद्धतींपैकी संकुचित ओळ पद्धत नेहमीच लहान असते असेही नाही. ती त्रिकांपेक्षा लहान ठरण्यासाठी t ही संख्या m + १ पेक्षा मोठी असावी लागते. १० लाख ओळींच्या मॅट्रिक्समध्ये केवळ १,००० घटक शून्येतर असतील, तर त्रिकांना १६,००० बाइट पुरतात. संकुचित ओळ मांडणीला मात्र ४०,१२,००४ बाइट लागतात, कारण रिकाम्या ओळींचीही आरंभस्थाने लिहावी लागतात.

## त्रिकांवरून संकुचित ओळींकडे

मॅट्रिक्स सामान्यतः त्रिकांच्या रूपात गोळा करून नंतर संकुचित केली जाते. त्यासाठी त्रिकांची पूर्ण क्रमवारी लावण्याची गरज नसते. प्रथम प्रत्येक ओळीतील घटक मोजले जातात. त्या संख्यांची चढती बेरीज केली की ओळींची आरंभस्थाने मिळतात. त्यानंतर प्रत्येक त्रिक आपल्या ओळीतील पुढच्या मोकळ्या जागी ठेवले जाते. पुढील तुकड्यात `p` मध्ये आरंभी सर्वत्र शून्य आहे. `r`, `d` आणि `v` हे त्रिकांचे ओळ, स्तंभ आणि मूल्य यांचे ॲरे आहेत.

```c
for (k = 0; k < t; k++) p[r[k] + 1]++;
for (i = 0; i < m; i++) p[i+1] += p[i];
for (i = 0; i < m; i++) next[i] = p[i];
for (k = 0; k < t; k++) {
    q = next[r[k]]++;
    c[q] = d[k];
    a[q] = v[k];
}
```

उदाहरणातील मॅट्रिक्ससाठी मोजणीनंतर `p` मध्ये ०, २, ०, १, ३, १ या संख्या येतात आणि बेरजेनंतर ०, २, २, ३, ६, ७ मिळतात. संपूर्ण कामाला m आणि t यांच्या बेरजेच्या प्रमाणात वेळ लागतो.

त्रिकांच्या यादीचा परिवर्त काढण्याच्या जलद रीतीत हीच कल्पना ओळींऐवजी स्तंभांना लावली जाते. साध्या रीतीत प्रत्येक स्तंभासाठी संपूर्ण यादी एकदा चाळली जाते व वेळ n आणि t यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. जलद रीतीत तो त्यांच्या बेरजेच्या प्रमाणात राहतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात या दोन्ही रीतींचा समावेश राहिला आहे.

## चुका आणि त्यांची तपासणी

वरील तुकड्यातील `next` हा ॲरे अनावश्यक समजून `p` चाच वापर केला, तर मूल्ये योग्य जागी पडतात, पण `p` स्वतः बदलून जातो. प्रत्येक ओळीचे आरंभस्थान पुढे सरकून तिच्या शेवटाशी पोहोचते आणि उदाहरणात `p` च्या नोंदी २, २, ३, ६, ७, ७ अशा होतात. परिणामी प्रत्येक ओळीला तिच्या पुढच्या ओळीचे घटक मिळतात, पहिल्या ओळीचे घटक हरवतात आणि शेवटची ओळ रिकामी दिसते. कार्यक्रम न थांबता चुकीचे उत्तर देत राहतो. पहिली ओळ रिकामी नसेल, तर `p[0]` शून्य नाही एवढ्यावरून ही चूक ओळखता येते.

सर्वसाधारणपणे मांडणी सुसंगत आहे की नाही हे चार गोष्टींवरून तपासले जाते. `p[0]` शून्य असावा, `p` मधील नोंदी कोठेही कमी होऊ नयेत, `p[m]` हा t इतका असावा आणि प्रत्येक स्तंभ क्रमांक ० ते n − १ यांच्या दरम्यान असावा. मॅट्रिक्स मार्केट या फाइल प्रकारात क्रमांक १ पासून सुरू होतात. वाचताना त्यांतून १ वजा करण्याचे राहिल्यास, शेवटचा स्तंभ रिकामा नसेल तर, चौथी कसोटी अयशस्वी होते.

त्रिकांमध्ये एकच स्थान दोनदा येणे ही चूकच असते असे नाही. अभियांत्रिकीतील परिमित घटक पद्धतीत अनेक लहान तुकड्यांचे योगदान एकाच स्थानी जमा होते आणि अशा त्रिकांची बेरीज अपेक्षित असते. पायथनच्या सायपाय संचात `coo_matrix` वरून `tocsr()` ने रूपांतर करताना ही बेरीज होते. गुणाकाराच्या वरील रीतीत पुनरावृत्त घटक असले तरी उत्तर बरोबर येते. मात्र ठरावीक घटक शोधणारी आणि पहिला जुळणारा घटक परत करणारी रीत अपुरी बेरीज देते.

याउलट, दोन मॅट्रिक्सची वजाबाकी करून एखादा घटक शून्य झाला, तरी त्याची नोंद आपोआप नाहीशी होत नाही. अशी साठवलेली शून्ये उत्तर बिघडवत नाहीत, पण जागा व्यापतात आणि t या संख्येचा अर्थ ‘शून्येतर घटक’ न राहता ‘साठवलेले घटक’ असा होतो.

फार मोठ्या मॅट्रिक्समध्ये आणखी एक मर्यादा येते. चिन्हांकित ४ बाइटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ओळी व स्तंभ या मर्यादेत असले तरी t तिच्यापुढे जाऊ शकतो आणि तेव्हा `p` मधील नोंदी ऋण होतात. अशा वेळी `p` साठी ८ बाइटांचे पूर्णांक घ्यावे लागतात. त्यामुळे केवळ `4(m+1)` बाइट वाढतात आणि स्तंभ क्रमांक ४ बाइटांतच राहू शकतात.

## मर्यादा

संकुचित ओळ मांडणीत नवीन घटक घालणे खर्चिक असते. वरील उदाहरणात क्रमांक १ च्या ओळीत एक घटक घालायचा झाल्यास `a` आणि `c` मधील पाच घटक एकेक जागा पुढे सरकवावे लागतात आणि `p` मधील त्यानंतरच्या सर्व नोंदी एकाने वाढवाव्या लागतात. म्हणून घटक एकेक करून न घालता ते त्रिकांत जमवून एकदाच रूपांतर केले जाते. ओळीतील स्तंभ क्रमांक चढत्या क्रमाने असल्यास एखादा घटक द्विभाजन शोधाने लवकर सापडतो. परंतु एक संपूर्ण स्तंभ हवा असल्यास सर्व ओळी तपासाव्या लागतात.

अधिक मूलभूत मर्यादा ही की विरळ मॅट्रिक्सवरील क्रियेचे उत्तर विरळच असेल याची खात्री नसते. पत्र्याच्या तापमानाच्या उदाहरणातील मॅट्रिक्सच्या व्यस्तात एकही घटक शून्य नसतो, कारण कडेच्या आत कोठेही उष्णता दिली तरी तिचा थोडाबहुत परिणाम प्रत्येक बिंदूवर होतो. ६४ मेगाबाइटांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त साठवण्यास पुन्हा ८ टेराबाइट लागतील. म्हणून अशी समीकरणे सोडवताना व्यस्त काढला जात नाही. गाउसच्या निरसन पद्धतीतही मूळच्या काही शून्यांच्या जागी नवे शून्येतर घटक निर्माण होतात आणि त्यांची संख्या समीकरणांच्या क्रमावर अवलंबून असते. हा भार टाळण्यासाठी संयुग्मी प्रवण पद्धतीसारख्या पुनरावर्ती रीती वापरल्या जातात. त्यांत मॅट्रिक्स बदलत नाही, केवळ सदिशाने पुनःपुन्हा गुणली जाते.

## इतिहास

विरळ मॅट्रिक्सच्या अभ्यासाला विद्युत जालांच्या गणनेतून मोठी चालना मिळाली. विल्यम टिनी आणि जॉन वॉकर यांनी १९६७ मध्ये अशा जालांची समीकरणे योग्य क्रमाने सोडवून नव्या शून्येतर घटकांची संख्या कमी ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. एलिस होरोविट्झ आणि सरताज साहनी यांच्या १९७६ च्या ‘फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्स’ या पाठ्यपुस्तकात त्रिक मांडणी व जलद परिवर्त यांचे विवेचन आहे. संकुचित ओळ पद्धतीला येल विद्यापीठात १९७० च्या दशकात तयार झालेल्या विरळ मॅट्रिक्स संचावरून ‘येल पद्धत’ असेही म्हणतात. मॅटलॅब या प्रणालीत विरळ मॅट्रिक्ससाठी संकुचित स्तंभ पद्धत वापरली जाते.